११२ चे ९८ कुणी केले?

सोमवारी सकाळी जिल्ह्यातून वर अहवाल गेला, की टंचाईग्रस्त गावांना ११२ टँकर सुरू आहेत. गुरुवारी आढावा बैठकीत तीच शीट पडद्यावर उघडली, तर तळाशी बेरीज ९८. मधल्या तीन दिवसांत पाऊस पडलेला नव्हता आणि एकाही तालुक्याने चौदा टँकर बंद केल्याचे कळवले नव्हते. आठही तालुक्यांचे ऑपरेटर फोनवर एकच सांगत होते, ‘साहेब, आम्ही आकडा कमी केलेला नाही.’ गंमत म्हणजे ते सगळे खरे बोलत होते.

हा जिल्हा उदाहरणापुरता उभा केलेला आहे. शीट मात्र कोणत्याही कार्यालयात सापडेल अशी. गूगल शीट्समध्ये एकच फाइल. चौथ्या ओळीपासून अकराव्या ओळीपर्यंत आठ तालुके. पुढे गावे, वाड्या, टँकर, खेपा आणि शेरा असे रकाने. टँकरचा रकाना D, आणि त्याच्या तळाशी D12 या सेलमध्ये बेरजेचे सूत्र:

```
=SUM(D4:D11)
```

फाइलची लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर पडलेली, आणि गटातल्या प्रत्येकाला संपादनाचा अधिकार. तालुक्याने दर आठवड्याला आपल्या ओळीतला जुना आकडा पुसायचा आणि नवा टाकायचा. सोय उत्तम. पूर्वी आठ ईमेल यायचे, आठ फाइली उघडून आकडे एकत्र करावे लागायचे आणि त्यात अर्धा दिवस जायचा. आता शीट उघडली की एकूण तयार.

अडचण अशी, की या शीटला कालचा दिवस आठवत नाही. तिच्यात नेहमी ‘आत्ता’ असते. अहवाल मात्र ‘त्या दिवशी’चा असतो.

दोन वेगळे प्रश्न

गुरुवारच्या बैठकीत खरे तर दोन प्रश्न होते आणि ते एकमेकांत मिसळले गेले. पहिला, सोमवारी ११२ होते हे दाखवता येईल का? दुसरा, ११२ चे ९८ कसे झाले. कुणी, कधी आणि कशासाठी बदलले? पहिल्याचे उत्तर जुन्या आवृत्त्या देतात. फाइल अमुक वेळी कशी दिसत होती, ते पुन्हा उघडून पाहता आले म्हणजे झाले. दुसऱ्याचे उत्तर ज्या नोंदीतून मिळते तिला ऑडिट ट्रेल म्हणतात. तिच्यात बदलाची जागा, जुना आकडा, नवा आकडा, बदलणारी व्यक्ती, वेळ आणि कारण हे सगळे हवे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा भेद नीट ठाऊक आहे. सातबारा आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगतो. ते नाव तिथे कसे आले, हे गाव नमुना ६ मधल्या फेरफार नोंदीत असते आणि सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक असतो. वारसाने आले, खरेदीने आले की वाटणीने, हे तिथे वाचता येते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. टँकरच्या शीटची गत अशी होती, की सातबारा रोज नवा लिहिला जात होता आणि फेरफाराची वही कुणी उघडलीच नव्हती. म्हणजे गूगलने एक वही आपणहून ठेवलेली होती. पण तिच्यात काय लिहिले जाते आणि काय नाही, हे कुणी तपासले नव्हते.

माग काढताना

शोध `File` या मेनूतल्या `Version history` मधून सुरू होतो. तिथले `See version history` उघडले, की उजवीकडे तारीख-वेळेनुसार आवृत्त्यांची यादी दिसते. प्रत्येक आवृत्तीखाली त्या वेळी काम करणाऱ्यांची नावे असतात आणि ज्याचा त्याचा वेगळा रंग. सोमवारी सकाळची आवृत्ती निवडली आणि D12 मध्ये ११२ दिसले. पहिला प्रश्न मिटला. सोमवारचा अहवाल कुणी मनाने लिहिलेला नव्हता.

मंगळवारी दुपारच्या आवृत्तीत तोच सेल ९८ दाखवत होता. म्हणजे बदल या दोहोंच्या मधला. पण त्या अवधीत चार तालुक्यांनी गावे, खेपा, शेरे असे बरेच काही भरले होते आणि शीट रंगीबेरंगी ठिपक्यांनी भरली होती. साहजिकच कुणीतरी बेरजेच्या सेलवर राइट क्लिक करून `Show edit history` निवडले. एका सेलचा स्वतःचा इतिहास दाखवणारी ही सोय. तिथे मंगळवारची काहीच नोंद नव्हती.

इथे बहुतेक जण थबकतात आणि ‘सिस्टीमनेच काहीतरी केले’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. प्रत्यक्षात सेलचा इतिहास फक्त माणसाने त्या सेलमध्ये केलेला बदल नोंदवतो. D12 मध्ये माणसाने काही केलेच नव्हते. तिथे सूत्र होते तेच राहिले. सूत्र ज्या सेलकडे पाहते त्यांपैकी एखादा बदलला आणि उत्तर आपोआप वेगळे आले. आणि सूत्रामुळे पालटलेले उत्तर या इतिहासात येत नाही. म्हणून माग नेहमी उलटा काढायचा असतो. बेरजेपासून सुरुवात करून ती ज्या सेलवर उभी आहे, त्यांच्याकडे एकेक करून जायचे.

D4 पासून पाहत गेल्यावर D9 मध्ये उत्तर सापडले. मंगळवारी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी त्या सेलमधले `14` बदलून तिथे `14 (2 बंद)` असे लिहिले गेले होते.

ऑपरेटरने आकडा कमी केला नव्हता, उलट प्रामाणिकपणे माहिती वाढवली होती. त्या तालुक्यातले दोन टँकर मंगळवारी बंद झाले, तेवढे त्याने कळवले. शेरा लिहायचा रकाना दोन घरे पुढे होता, त्याने तो आकड्याशेजारीच लिहिला. वाचणाऱ्या माणसाला यात काही खटकत नाही. शीटला मात्र तो आता आकडा राहिला नव्हता, मजकूर झाला होता. `SUM` हे सूत्र आपल्या पट्ट्यातला मजकूर सोडून देते, तेही चूक न दाखवता आणि लाल खूण न करता. ११२ मधून १४ गळले आणि ९८ उरले.

पडद्यावर याची एक खूण असते. आपणहून काही केले नाही तर आकडे सेलमध्ये उजवीकडे टेकतात आणि मजकूर डावीकडे. D9 डावीकडे सरकलेला दिसायला हवा होता. पण कुणीतरी शीट देखणी व्हावी म्हणून सगळा रकाना मध्यावर आणून ठेवला होता, त्यामुळे ती खूणही पुसली गेली.

आता बैठकीपुढे तीन आकडे होते. ९८ चुकीचा, कारण त्यात एक अख्खा तालुका मोजलेला नव्हता. ११२ बरोबर, पण सोमवारचा. गुरुवारचा बरोबर आकडा ११०. जुन्या आवृत्त्या पाहिल्या नसत्या तर कुणीतरी घाईने ९८ चे ११२ करून टाकले असते आणि बंद झालेले दोन टँकर कागदावर चालू राहिले असते. `Restore this version` हे बटण दाबण्याचा मोह अशा वेळी होतोच. ते दाबले तर शीट सोमवारच्या स्थितीला जाते आणि मंगळवारपासून इतर तालुक्यांनी भरलेले सगळे चालू शीटमधून नाहीसे होते. ते इतिहासातून परत आणता येते, पण तोवर कुणीतरी त्याच शीटवर नवे काम सुरू केलेले असते. एक सेल दुरुस्त करायचा असेल तर जुनी आवृत्ती फक्त पाहावी आणि दुरुस्ती आजच्या शीटमध्ये हाताने करावी.

वही कुठे कोरी राहते

११:४२ ची नोंद कुणाच्या नावावर होती? तालुका कार्यालयाच्या ईमेलच्या. तो ईमेल आणि पासवर्ड कार्यालयातल्या पाच जणांना ठाऊक होता, एका संगणकावर तो कायम उघडाच असायचा. म्हणजे माग खात्यापर्यंत पोचला आणि माणसापर्यंत पोचण्याआधी संपला. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याने संपादन करावे, अशी परवानगी दिलेली असेल तर परिस्थिती याहून वाईट. लॉगिन न करता आलेल्या माणसाचे बदल निनावी म्हणून नोंदले जातात. वापरणाऱ्याला स्वतःचे खाते नसेल तर पुढची कोणतीही व्यवस्था उभी राहत नाही.

दुसरा आंधळा कोपरा ओळींचा. ओळ किंवा रकाना घातला, काढला, तर तो बदल सेलच्या इतिहासात दिसत नाही. सेलचा रंग वा मांडणी बदलल्याचेही तसेच. ते शोधायला पूर्ण फाइलच्या आवृत्त्या डोळ्यांनी ताडून पाहाव्या लागतात. शिवाय गूगल जागा वाचवण्यासाठी जवळजवळच्या आवृत्त्या एकत्र करू शकते. मग ११:४२ ला काय झाले आणि ११:५० ला काय, हे वेगळे सांगता येत नाही.

तिसरा कोपरा प्रतीचा. शीटची प्रत काढली की प्रतीचा इतिहास त्या क्षणापासून सुरू होतो. शीट एक्सेल फाइल म्हणून उतरवली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तर पाठवलेल्या फाइलमध्ये मागचे काहीच नसते. कार्यालयात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेबांनी पाहिलेली’ अशा नावांच्या फाइली फिरू लागल्या, की खरी फेरफाराची वही एका फाइलला चिकटून राहते आणि काम दुसऱ्याच फाइलवर चालते.

सूत्रातली चूक किती काळ दडून राहू शकते, याचे गाजलेले उदाहरण अर्थशास्त्रातले आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. देशाचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की विकासाचा वेग घसरतो, असे त्याचे सार होते. अशा देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के आली होती. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावण्याच्या वादात या निबंधाचा दाखला वारंवार दिला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी तेच उत्तर स्वतः काढू पाहत होता, ते काही जुळेना. अखेर लेखकांनीच त्याला आपली एक्सेल शीट पाठवली. सरासरीचे सूत्र ३० व्या ओळीपासून ४४ व्या ओळीपर्यंत होते, माहिती मात्र ४९ व्या ओळीपर्यंत. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबाबाहेर राहिले होते. हर्नडनने मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पॉलिन या प्राध्यापकांसह २०१३ मध्ये मांडलेल्या फेरहिशेबात ही वाढ २.२ टक्के आली. या तफावतीत सूत्राच्या चुकीचा वाटा थोडा होता. काही वर्षांची माहिती वगळणे आणि देशांना भार देण्याची पद्धत हे मोठे मुद्दे होते. लेखकांनी सूत्राची चूक मान्य केली, मुख्य निष्कर्ष मात्र सोडला नाही. चूक सापडली ती छापील निबंधात नव्हे, त्यामागच्या शीटमध्ये. शीट हाती येईपर्यंत कुणालाच ती दिसणे शक्य नव्हते.

जेपी मॉर्गन या बँकेचे प्रकरण हाताने होणाऱ्या चिकटवाचिकटवीचे आहे. २०१२ मध्ये बँकेच्या लंडनमधल्या सौद्यांत सुमारे ६२० कोटी डॉलरचा तोटा झाला. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत बँकेने स्वतःचा चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. जोखीम मोजण्याचे नवे गणित अनेक एक्सेल शीट्सवर चालत होते आणि एका शीटमधले आकडे दुसऱ्या शीटमध्ये हाताने कॉपी करून चिकटवले जात होते, असे त्यात नमूद आहे. एका ठिकाणी जुन्या आणि नव्या दरांच्या सरासरीने भागायचे ते बेरजेने भागले गेले. दोन आकड्यांची बेरीज सरासरीच्या दुप्पट असते, त्यामुळे तिथले उत्तर निम्मे आले आणि जोखीम होती त्याहून कमी दिसली. तोटा सौद्यांमुळे झाला, शीटमुळे नाही. पण धोक्याचा काटा जिथे पाहायचा, तिथेच तो खाली दिसत होता.

आठ तालुक्यांची शीट नव्याने

टँकरच्या शीटला मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. मांडणी बदलली तरी बरेच काम होते, आणि सुरुवात एका छोट्या सूत्रापासून करता येते. बेरजेशेजारी हे लिहावे:

```
=COUNT(D4:D11)
```

`COUNT` हे सूत्र पट्ट्यात खरे आकडे किती आहेत तेवढेच मोजते. तालुके आठ, म्हणून उत्तर ८ हवे. मंगळवारी ११:४२ ला ते ७ झाले असते. एखाद्या तालुक्याने रकाना कोरा सोडला तरी ते ७ च येईल. उत्तर ८ नसेल तर सेल लाल व्हावा, एवढी व्यवस्था केली की बेरीज गुपचूप घसरत नाही. जोडीला D रकान्यावर `Data validation` लावून फक्त आकडे स्वीकारायला सांगता येते. मग `14 (2 बंद)` टाइप करताच शीट ते नाकारते. मात्र दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेला मजकूर या पहाऱ्यातून निसटू शकतो, त्यामुळे `COUNT` चा सेल तरीही ठेवावा.

पुढचा बदल हक्कांचा. `Data` मेनूतल्या `Protect sheets and ranges` मधून तळाची बेरीज आणि शीर्षकाच्या ओळी कुलूपबंद करायच्या आणि प्रत्येक तालुक्याची ओळ फक्त त्याच्या खात्याला उघडी ठेवायची. पासवर्ड वाटून घेणे बंद, ज्याचे त्याचे खाते वेगळे. शीट लपवणे म्हणजे संरक्षण नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागते. ज्याला संपादनाचा अधिकार आहे तो लपवलेले पान पुन्हा उघडू शकतो.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो पुसून लिहिणे थांबवल्याने. आठ ओळींवर दर आठवड्याला नवा थर चढवण्याऐवजी ‘नोंदी’ नावाचे वेगळे पान करायचे. त्यात प्रत्येक कळवलेल्या आकड्याला एक नवी ओळ: तारीख, तालुका, टँकर, भरणारा, कारण. सोमवारी ‘तालुका सहा, १४, नियमित अहवाल’. मंगळवारी नवी ओळ, ‘तालुका सहा, १२, दोन टँकर बंद’. जुनी ओळ तशीच राहते. दुरुस्तीसुद्धा नवीच ओळ असते आणि तिच्या कारणात ‘आधीची नोंद चुकीची’ असे लिहायचे. अहवालाचे पान या नोंदींमधून प्रत्येक तालुक्याची शेवटची ओळ सूत्राने उचलते; त्यावर कुणीच हाताने लिहीत नाही. नोंदी गूगल फॉर्ममधून भरून घेतल्या तर वेळ आपोआप पडते आणि ऑपरेटरला शीट उघडण्याचीही गरज राहत नाही. सॉफ्टवेअर कधीच नोंदवू शकत नाही असा ‘का’ हा प्रश्न इथे रकाना होऊन येतो. तो सक्तीचा ठेवायचा, नाहीतर कोराच राहतो.

ज्यांना जुन्याच शीटवर काम चालू ठेवणे भाग आहे, त्यांना अ‍ॅप्स स्क्रिप्टमधून बदलांची वही ठेवता येते. `Log` नावाचे पान तयार करून ही छोटी आज्ञावली लावावी लागते:

```
function logEdit(e) {
  const r = e.range;
  const name = r.getSheet().getName();
  if (name === 'Log') return;
  e.source.getSheetByName('Log').appendRow([
    new Date(), Session.getActiveUser().getEmail(),
    name, r.getA1Notation(),
    e.oldValue ?? '', e.value ?? ''
  ]);
}
```

स्क्रिप्टच्या `Triggers` पानावरून तिला ‘On edit’ शी जोडले, की प्रत्येक बदलाला वेळ, खाते, पान, सेल, जुना आणि नवा आकडा अशी एक ओळ पडते. असा ट्रिगर लावणाऱ्याच्या अधिकाराने चालतो, म्हणून `Log` पान इतरांसाठी कुलूपबंद ठेवले तरी नोंद होत राहते. ते कुलूप न लावल्यास ज्याने आकडा बदलला त्यालाच वहीतली ओळही पुसता येईल.

या वहीच्याही मर्यादा आहेत. जुना आकडा एकाच सेलमध्ये बदल झाला तरच मिळतो. कुणी वीस सेल एकदम चिकटवले तर कोणत्या पट्ट्यात बदल झाला एवढे कळते, आधी काय होते ते नाही. दुसऱ्या स्क्रिप्टने केलेला बदल किंवा सूत्राचे पालटलेले उत्तर इथे येत नाही. आणि सगळी खाती एकाच संस्थेच्या डोमेनवर नसतील, कुणी वैयक्तिक जीमेल वापरत असेल, तर गूगल खासगीपणाच्या नियमानुसार ईमेलचा रकाना कोरा ठेवू शकते. वैयक्तिक खात्यांच्या कार्यालयात मग नाव मिळवायला पुन्हा व्हर्जन हिस्टरीच उघडावी लागते.

अहवाल गोठवणे

सोमवारचा ११२ सोमवारचाच राहावा, यासाठी अहवाल पाठवण्याच्या क्षणी शीटची स्थिती बांधून ठेवावी लागते. `Name current version` मधून त्या आवृत्तीला तारखेचे नाव देता येते; मग ती शेकडो निनावी आवृत्त्यांतून चटकन सापडते. पण गूगल शीट्समध्ये एका फाइलला अशी १५ नावेच देता येतात. टंचाईचा हंगाम त्यात कसाबसा मावेल, वर्षभराचा साप्ताहिक अहवाल नाही. म्हणून वर पाठवलेल्या अहवालाची पीडीएफ आणि त्यातल्या आकड्यांची, सूत्रे काढून टाकलेली प्रत, स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवलेली बरी. तिथे बाकीच्यांना फक्त पाहण्याचा अधिकार असावा. त्यानंतर सोमवारच्या आकड्यात चूक निघाली, तर गोठवलेली प्रत बदलायची नाही. सुधारित अहवाल वेगळ्या नावाने काढायचा आणि काय बदलले ते वर एका ओळीत लिहायचे.

एक्सेल वापरणाऱ्यांना यातले बरेच काही मिळते. फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तर `Review` मधल्या `Show Changes` मध्ये कुणी, कोणत्या सेलमध्ये, कधी बदल केला आणि आधी काय होते ते दिसते. ही नोंद ६० दिवसांपुरती असते. मार्चअखेरच्या आकड्याविषयी लेखापरीक्षकाने जुलैत विचारले, तर या खिडकीतून उत्तर मिळणार नाही.

कंपन्यांच्या हिशेबवह्यांपुरता हा विषय आता कायद्यात आला आहे. १ एप्रिल २०२३ पासून भारतातल्या कंपनीने हिशेबासाठी वापरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा आणि प्रत्येक बदलाचा तारखेसह माग राहिला पाहिजे आणि तो माग बंद करण्याची सोय असता कामा नये. वर्षभर तो चालू होता का, त्याच्याशी छेडछाड झाली का, हे लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात सांगावे लागते. वरची `Log` ची युक्ती या कसोटीला उतरत नाही, कारण ट्रिगर लावणारा तो केव्हाही काढू शकतो. टँकरच्या शीटला हा नियम लागू नाही. पण ज्या कंपनीचे हिशेब अजून सामायिक शीटमध्ये लिहिले जातात, तिला या युक्तीवर विसंबता येणार नाही.

आणि शेवटी प्रश्न शीटच्या मालकीचा. अशा शीट्स बहुधा एखाद्या हुशार ऑपरेटरने स्वतःच्या जीमेलवरून सुरू केलेल्या असतात आणि सगळा इतिहास त्या मूळ फाइललाच चिकटलेला असतो. त्याची बदली झाली, कंत्राट संपले किंवा त्याने खाते बंद केले, तर शीट आणि तिची वही दोन्ही त्याच्याबरोबर जातात. मागे उरते ती एखादी प्रत, आणि तिचा इतिहास प्रत काढल्याच्या दिवसापासूनचा. वैयक्तिक खात्यांत मालकी हस्तांतरित करायला आधीच्या मालकाने ती देऊ करावी लागते आणि नव्याने ती स्वीकारावी लागते. माणूस निघून गेल्यावर हे करून घेणे अवघड. म्हणून कार्यभार सोपवण्याच्या यादीत कपाटांच्या किल्ल्या आणि शिक्क्यांच्या जोडीला शीटची मालकी, `Log` चा ट्रिगर कुणाच्या खात्यावर चालतो ते, आणि गोठवलेल्या अहवालांच्या फोल्डरचा पत्ता, अशा तीन ओळी आणखी घालाव्या लागतात.